कंसातला आठ

सकाळी ७.४०

ऑफिसचं शटर वर करायच्या आधीच अण्णा पायरीवर येऊन बसले होते. मांडीवर बँकेच्या पासबुकाचं प्लास्टिकचं कव्हर आणि त्यात कोंबलेल्या दुधाच्या पावत्या. एका मे महिन्याच्या. दूध संस्थेने काढलेला पगार आणि अण्णांचा हिशेब जुळत नाही, एवढीच तक्रार. फलटण तालुक्यात दुधाच्या बिलाला पगारच म्हणतात, आणि तो दर दहा दिवसांनी होतो. माझं मूळ काम सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण. पण गेली काही वर्षं अशा उडालेल्या पावत्या वाचायचं कामही आपोआप माझ्याकडे यायला लागलंय.

“सगळ्या जपून ठेवल्यात, मॅडम. एक फेकली नाही.”

नेमकं जपण्यानेच घोटाळा केला होता. या पावतीवर शाई नसतेच. कागदाच्या लेपात एक रंगहीन रंगद्रव्य आणि एक आम्लासारखा पदार्थ शेजारी शेजारी बसवलेले असतात. मशीनचा तापलेला ठिपका टेकला की दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि काळं उमटतं. पण हे मिसळणं कायमचं नसतं. पीव्हीसीचं कव्हर मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात. ते हळूहळू कागदात उतरतं, त्या जोडीची फारकत करतं आणि काळं पुन्हा रंगहीन होतं. हातावरचं तूप-तेल आणि चिकटपट्टीचा डिंकही हेच करतात, आणि उन्हानेही अक्षरं उडतात. अण्णांच्या पोरीने काही पावत्या शाळेच्या वहीत घातल्या होत्या, त्या काल छापल्यासारख्या होत्या. कव्हरात मात्र नुसते पांढरे कागद.

मी पावत्या कव्हरातून काढून साध्या कागदी पाकिटात घातल्या. ६२ पाळ्यांपैकी ६० पावत्या भरल्या. ३७ स्वच्छ, २३ उडालेल्या.

सकाळी ८.३०

अण्णांना चहा दिला आणि एकच विनंती केली: कुठल्या दिवशी किती दूध घातलं ते आत्ता सांगू नका. संस्थेच्या वहीची प्रतही त्यांनी आणली होती. ती मी न उघडता कपाटात ठेवून कुलूप लावलं. अण्णांना हे थोडं लागलं असावं, चेहऱ्यावरून कळलं. पण एकदा ‘साडेआठ’ कानावर पडलं की डोळ्याला साडेआठच दिसतं, मग डोळा अण्णांचा असो की माझा.

अण्णा बाजाराला गेले.

सकाळी ९.००

पहिलं काम स्कॅनिंगचं. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं तर जे थोडंफार उरलंय तेही जातं, कारण उडालेला ठसा करडा नसतो, पुष्कळदा पिवळट तपकिरी असतो. रंगीत प्रतिमेतून फक्त निळा भाग वेगळा काढला तर तो पिवळट ठसा गडद दिसतो. गिम्पमध्ये दोन मिनिटांचं काम.

जेपेगमध्ये साठवायचं नाही आणि ‘शार्पन’ला हात लावायचा नाही. त्या दोघांनी तयार केलेल्या कडा खऱ्या कडांसारख्याच दिसतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं, की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलतात. फाइल लहान करण्यासाठी ती मशीनं एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी एकच चित्र वापरायची, आणि त्यात 6 चा 8 व्हायचा. प्रत अगदी सुबक आणि आकडा चुकीचा. आपण ज्याला ‘झेरॉक्स’ म्हणतो त्याच्याबद्दलची ही गोष्ट मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते.

हेअर ड्रायरचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. कागद तापवला की उरलेला लेप काळवंडतो आणि उडालेली अक्षरं कधी कधी फिकट होऊन त्यात उठून दिसतात. पण कागद एकदा काळा झाला की झालाच. दुसऱ्या पक्षाने मूळ पावती मागितली तर काय दाखवणार? सॅनिटायझर तर जवळही आणायचा नाही. अल्कोहोलने अख्खा कागद काळा पडतो. मूळ पावतीला मी फक्त दोन गोष्टी करते: बाजूने तिरपा उजेड, आणि अगदी काही सेकंद अतिनील दिवा. बाकी सगळं स्कॅनवर.

सकाळी १०.१५

उडालेल्या पावत्यांना अजून हात लावलेला नाही. आधी स्वच्छ ३७ पावत्यांतून अंकांची ओळख करून घ्यायची. संकलन केंद्रावरचं मशीन इंग्रजी अंक छापतं, म्हणून पावतीवरचे आकडे आणि त्यांची गणितं मी इथेही तशीच लिहिते.

हा ५८ मिलिमीटर रुंदीचा कागद. त्यावर एका मिलिमीटरला ८ ठिपके पडतात आणि एका ओळीत ३२ अक्षरं बसतात. प्रत्येक अक्षराची चौकट १२ ठिपके रुंद आणि २४ उंच, म्हणजे दीड मिलिमीटर बाय तीन. अक्षर कुठलंही असो, जागा तेवढीच. याचा फायदा असा, की अंक पूर्ण उडाला तरी तो कितव्या घरात होता ते कळतं. दशांश चिन्हाच्या डावीकडे दोन घरं भरलेली होती की एक, हे रिकाम्या कागदावरही सांगता येतं.

मी 0 ते 9 असा एकेक अंक कापून त्यांचा तक्ता केला. या मशीनचा 6 आणि 8 शेजारी ठेवले तर फरक फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे. खालचं वर्तुळ तेच, डावी बाजू तीच. 8 ला वरच्या उजव्या बाजूचा कणा आहे, 6 ला तिथे मोकळं. या मशीनच्या बाबतीत मला फसवणारी जागा तेवढीच आहे, आणि ती अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट पाहिली. छपाईच्या पट्टीतला एखादा ठिपका मेला असेल तर सगळ्या पावत्यांवर एकाच जागी वरपासून खालपर्यंत बारीक पांढरी रेघ जाते. या मशीनला तशी रेघ होती, पण डावीकडे समासाजवळ, आकड्यांपासून लांब. तेव्हा आकड्यातलं जे काही गेलंय ते उडून गेलंय, छापलं न जाऊन नव्हे.

सकाळी ११.००

आता खरं वाचन. खुणा माझ्या ठरलेल्या आहेत. स्वच्छ दिसतो तो अंक नुसता. काही ठिपके शिल्लक आहेत आणि तक्त्याशी ताडून वाचला, तो गोल कंसात. दोन शक्यता उरल्या तर गोल कंसात दोन्ही. काहीच दिसत नाही तिथे फुली. आणि डोळ्यांना दिसलाच नाही पण हिशेबाने निघाला, तो चौकोनी कंसात. ताम्रपट वाचणारे लोक गेलेली अक्षरं कंसात घालतात, त्याच जातीचं हे काम. फक्त इथे राजाच्या जागी जर्सी गाय आहे.

माझी सहकारी दुसऱ्या टेबलावर त्याच प्रतिमा स्वतंत्र वाचते. मध्ये बोलायचं नाही. दोघींचे कागद नंतर समोरासमोर ठेवायचे.

१४ तारखेची सकाळची पावती. तारीख आणि कोड नंबर स्वच्छ. त्याखाली:

```
LTR    12.×
FAT     3.(6/8)
SNF     8.4
RATE   32.×0
AMT   4×(4).24
```

लिटरच्या दशांशाचं घर कोरं. फॅटच्या घरात खालचं वर्तुळ आणि डावी बाजू आहे, वरचा उजवा कोपरा तेलाच्या डागात गेलाय. रक्कम 4 ने सुरू होते. मधला अंक गेला, पुढच्याची उभी रेघ आणि आडवी काडी पुसट दिसते म्हणून (4). शेवटचे 24 पैसे मात्र ठसठशीत. सहकारीने हेच वाचलं होतं, फक्त तिने फॅटला (3/6/8) लिहिलं. डाव्या बाजूचे ठिपके तिला पुरेसे वाटले नाहीत. तिचं जास्त सावध होतं, तेच ठेवलं.

दुपारी १२.१०

हिशेबाला दरपत्रक लागतं. संस्थेचं दरपत्रक मिळतंच, पण त्यावर मी विसंबत नाही, कारण उद्या वाद दरपत्रकावरच होऊ शकतो. स्वच्छ ३७ पावत्या आधी तपासल्या. प्रत्येकीवर फॅट, एसएनएफ आणि दर तिन्ही दिसतात. त्या महिन्यात 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला लिटरमागे 32 रुपये होते. फॅटचा एक पॉइंट वाढला की 30 पैसे जास्त, एसएनएफचा एक पॉइंट उतरला की 30 पैसे कमी. एकही पावती याच्या बाहेर गेली नाही. म्हणजे मशीनने ते दरपत्रक खरंच वापरलं, हे दिसणाऱ्या अंकांवरून सिद्ध झालं.

आता १४ तारीख. एसएनएफ 8.4, म्हणजे 30 पैसे वजा. दर 32 रुपये काहीतरी आहे हे स्वच्छ दिसतं. 3.5 फॅटला दर 31.70 येतो, तो बसत नाही. 4.0 ला 33.20, तोही बाहेर. तेव्हा फॅट 3.6 ते 3.9 मध्येच असणार आणि सहकारीचा 3 आपोआप गळाला. फॅटच्या चार शक्यता, लिटरच्या दशांशाच्या दहा, एकूण चाळीस गुणाकार. डोळ्यांनी 6 किंवा 8 म्हटलंय म्हणून 3.7 आणि 3.9 सोडून द्यायचा मोह होतो. मी सोडत नाही. चाळीसही करते.

3.6 फॅटला दर 32.00. 12.0 पासून 12.9 पर्यंत कुठल्याही लिटरला पैशांत 24 येत नाहीत, शेवटी नेहमी शून्यच. 3.7 ला 32.30, तिथेही नाही. 3.9 ला 32.90, तिथेही नाही. 3.8 ला 32.60, आणि तिथे एकाच जागी जुळतं:

```
12.4 × 32.60 = 404.24
```

चाळीसपैकी एक. शिवाय रक्कम 404 आली, तिच्यातला तिसरा अंक 4. तो आम्ही पुसट का होईना, आधीच वाचला होता आणि हिशेबात कुठेही वापरला नव्हता. तो वेगळा साक्षीदार निघाला.

दुपारी १.००

डबा खाताना सहकारीने वाचन पूर्ण करून दाखवलं:

```
LTR    12.[4]
FAT     3.(8)
SNF     8.4
RATE   32.[6]0
AMT   4[0](4).24
```

फॅटवर मी बोट ठेवलं.

“हा गोल कंसात का?”

“मॅडम, आता बघितलं ना, वरचा कोपरा दिसतोय. थोडासा कणा आहे तिथे.”

मी प्रतिमा पुन्हा उघडली. खरं सांगायचं तर मलाही दिसला. डागाच्या कडेला दोन-तीन गडद ठिपके होते, ते आता अगदी 8 च्या कण्यासारखे वाटत होते. दोन तासांपूर्वी तिनेच तिथे तीन शक्यता लिहिल्या होत्या. मधल्या काळात प्रतिमा बदलली नव्हती, आमचं डोकं बदललं होतं. उत्तर कळल्यावर दिसलेलं वाचन धरायचं नाही, पहिल्या कागदावर लिहिलेलंच धरायचं.

तिने खोडलं आणि [8] केलं. टीपेत लिहिलं: प्रथम वाचन 3/6/8; 8 हा अंक 24 पैसे आणि दरपत्रकावरून.

हा एवढा कंसाचा कीस कशाला, असं वाटेल. पण हा 8 गोल कंसात राहिला असता तर अहवाल वाचणाऱ्याला वाटलं असतं, पावतीवर 8 दिसतोय आणि हिशेबही जुळतोय, म्हणजे दोन पुरावे. खरं तर एकच आहे. हिशेबातून काढलेला अंक त्याच हिशेबाची साक्ष देऊ शकत नाही. एका दूध संस्थेच्या जुन्या वादात मी हीच चूक केली होती. रक्कम लिटर गुणिले दर करून भरली आणि खाली ऐटीत लिहिलं, ‘सर्व रकमा पडताळल्या, बरोबर आहेत.’ समोरच्या वकिलाने शांतपणे विचारलं, “कशाशी पडताळल्या?” त्यानंतरच चौकोनी कंस आला.

दुपारी २.००

बाकीच्या बावीस. बहुतेक सोप्या होत्या, एखादाच अंक गेलेला. सांगण्यासारखी एकच आहे, १९ तारखेची संध्याकाळची. ती घडी घालून ठेवलेली आणि घडी नेमकी लिटरच्या आकड्यावरून गेलेली.

```
LTR   (6/8).5
FAT     3.5
SNF     8.5
RATE   32.00
AMT   2××.00
```

घडीने पहिल्या अंकाचा वरचा उजवा कोपरा खाल्लाय. लेपच निघालाय, उघडा कागद दिसतो. तिथे निळा भाग काढून, तिरपा उजेड टाकून, दिवा लावून काही उपयोग नाही, कारण तिथे रंगहीन रंगद्रव्यसुद्धा उरलेलं नाही. उडालेला अंक आणि खरवडला गेलेला अंक यांत हाच फरक. पहिल्यात निदान शोधायला काहीतरी असतं.

हिशेब म्हणतो: 6.5 लिटरचे 208.00, 8.5 लिटरचे 272.00. दोन्हींची सुरुवात 2 ने, दोन्हींचे पैसे शून्य. दर पूर्ण रुपयांत पडल्यामुळे या वेळी पैसे काहीच सांगत नाहीत. सकाळच्या पावतीत दर अडचणीचा होता म्हणून तो कामाला आला.

आसपासच्या संध्याकाळच्या पावत्या 8.2 ते 8.8 च्या आहेत. सहकारी म्हणाली, “मग आठच की.” असेलही. पण मे महिन्याच्या उन्हात एखाद्या संध्याकाळी गाय दोन लिटरला मागे सरकणं काही नवल नाही, आणि आसपासच्या दिवसांची सरासरी हा या पावतीवरचा अंक नव्हे. टीपेत शेजारच्या पाळ्यांचे आकडे दिले. अंकाच्या जागी (6/8) तसाच ठेवला.

दुपारी ३.४५

आता कपाट उघडून संस्थेची वही काढली. १४ तारीख, सकाळ: 12.4 लिटर, फॅट 3.6, दर 32.00, रक्कम 396.80.

लिटर जुळलं. फॅट दोन पॉइंटने खाली. अण्णांचे त्या पाळीला ७ रुपये ४४ पैसे गेले. अहवालात मी ‘पावतीवर फॅट 3.8 आहे’ असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: पावतीवर पैशांच्या जागी 24 स्पष्ट दिसतात, वहीत 80 आहेत, त्या महिन्याच्या दराने 24 पैसे येणारी एकच जुळणी आहे आणि तिच्यात फॅट 3.8 येतं. वाक्य लांबलं, पण खोडायचं तर संस्थेला त्या 24 ला हात घालावा लागेल, आणि 24 कुणाच्याही साध्या डोळ्यांना दिसतात.

सगळ्या पावत्यांची बेरीज तीन ओळींत दिली. पहिलीत रक्कम पूर्ण स्वच्छ दिसणाऱ्या पावत्या. दुसरीत कंस असलेल्या, पण एकच रक्कम निघणाऱ्या. तिसरीत १९ तारीख: 208 किंवा 272, फरक 64 रुपये. हरवलेल्या दोन पावत्यांची रक्कम कुठेच धरली नाही, फक्त पाळ्या लिहिल्या.

संध्याकाळी ५.१५

अण्णा बाजाराची पिशवी घेऊन आले. मी १४ तारीख आधी दाखवली. त्यांनी चष्मा चढवून पैशांवर नखाने टिचकी मारली आणि हसले. मग १९ तारीख.

“हे काय लिहिलंय? सहा भागिले आठ?”

“सहा किंवा आठ, अण्णा. घडीत गेलाय.”

“अहो, आठच होते. मी स्वतः ओतलंय दूध.”

“तुम्ही ते तुमच्या जबाबात लिहा. लिहायलाच हवं. पण ते तुमचं सांगणं झालं, कागदाचं नाही.”

“आणि त्यांच्या वहीत?”

“साडेसहा.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग कव्हर उचलून त्यातून काय काय निघतंय ते बघायला लागले. हरवलेल्या दोनपैकी एक पावती तळाला चिकटलेली निघाली. पूर्ण पांढरी. सहकारीने स्कॅनरचं झाकण पुन्हा उघडलं.